अठरा थेंब आणि चमच्यातलं फूल

आमचं मेडिकल शिरूर कासारला सरकारी दवाखान्याच्या समोर आहे. मधे फक्त रस्ता. काउंटरवर मी बसते. कागदोपत्री फार्मसिस्ट मीच, लायसन्स माझ्या नावावर आणि भिंतीवरच्या फ्रेममधला फोटोही माझाच. नवरा माल आणतो, शटर उघडतो आणि गिऱ्हाइकांशी राजकारण बोलतो. गिऱ्हाईक मला ताई म्हणतात. डॉक्टरच्या कागदावरचं अक्षर फक्त ताईला लागतं, असं गावात बोललं जायचं. ते ऐकून मला बरं वाटायचं. मी फार शिष्ट होते, आणि कानाला टोचेल असं बोलायची मला सवय होती.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा एक हिशोब आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी होता. किलोला तीन थेंब. समोरचे डॉक्टर तसंच लिहायचे, मी तसंच सांगायची. सहा किलोचं लेकरू असेल तर अठरा थेंब. आयांना एवढं सोपं दुसरं काही नव्हतं. थेंब मोजणं म्हणजे काय अवघड, असं मला वाटायचं. दिवसातून दहा जणींना मी हेच सांगत असेन.

त्यातलीच ती एक. बाविसेक वर्षांची, शेजारच्या वाडीवरची. तिच्या घरचे सगळे दर साली दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जात. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तिचं बाळंतपण नेमकं दिवाळीत आलं. मुलगी झाली. ओल्या बाळंतिणीला फडात नेता येईना आणि एकट्या माणसाचा कोयता धरत नाहीत. मग जोडी पुरी करायला तिची सासू मुलाबरोबर गेली. साठी उलटलेली बाई, पाठीतून वाकलेली. जाताना ती ट्रॅक्टरवर चढली तेव्हा आमच्याच दुकानाच्या पायरीवर सून बाळाला घेऊन उभी होती. सासू वरून म्हणाली, "तुजं लेकरू माज्या कमरंवर वाढणार हाय. ध्यानात ठिव." सगळ्यांनी ऐकलं. मीसुद्धा ऐकलं आणि गोळ्या मोजत राहिले.

घरी उरले ती, बाळ आणि डोळ्यांनी अधू झालेला सासरा.

फेब्रुवारीत त्या मुलीला पहिल्यांदा ताप आला. डॉक्टरांनी वजन केलं, सहा किलो भरली. कागदावर लिहिलं, तापाचे थेंब, अठरा, चार ते सहा तासांनी, दिवसातून पाचपेक्षा जास्त वेळा नाही. ती कागद घेऊन माझ्यापुढे आली. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात दळणाचा डबा.

"अठरा मोजता येतात ना?" मी विचारलं.

"येतेत की ताई. मोळ्या मोजत्ये मी फडात. दीडशे-दोनशे. कधी एक इकडची तिकडं व्हत न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "पर ही वळवळ करती. मधीच हात मारती. मंग किती झाले ती इसरतं."

मला तिची गंमत वाटली. मी तिचा दळणाचा डबा उघडला, ज्वारीचे अठरा दाणे काढले आणि काउंटरवर मांडले. "हे बघ. एक थेंब चमच्यात पडला की एक दाणा ह्या बाजूचा त्या बाजूला. दाणे संपले की थेंब संपले. पोरीनं कितीही हात मारू दे."

तिचा चेहरा उजळला. तिनं दाणे पदराच्या टोकाला बांधले, गाठ दोनदा ओढून बघितली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. नंतर कित्येक दिवस मी ही युक्ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत होते. ज्वारीचे नाहीतर हरभऱ्याचे, काहीही चालतील म्हणायची.

त्या वेळी पोरगी तीन दिवसांत बरी झाली. ती मुद्दाम सांगायला आली. पदराची गाठ दाखवली. "एक बी दाणा सांडला न्हाई," म्हणाली.

मार्चमध्ये मुलीला परत ताप आला. डॉक्टरांनी तपासलं, साथीचा ताप आहे म्हणाले, वजन तेवढंच, औषध तेच, थेंब तेच अठरा. तिची आधीची बाटली संपली होती. माझ्याकडे त्या कंपनीचा माल संपला होता, दुसऱ्या कंपनीचा आला होता. तिनं खोक्याकडे बघितलं. तिला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं, कारखान्यावरच्या साखरशाळेत शिकलेली.

"ही ती न्हाई ताई. त्याच्यावर हत्ती व्हता."

"कंपनी वेगळी आहे. आतलं औषध एकच. एका मिलीत शंभर मिलिग्रॅम, त्यात पण तेवढंच, ह्यात पण तेवढंच. हत्ती काय पोटात जातो का?"

ती हसली. मागे उभे असलेले दोघेतिघे हसले. मी जे बोलले त्यात एक शब्द खोटा नव्हता. औषध एकच होतं, ताकद एकच होती. आजही मला कुणी कोर्टात उभं केलं तरी तेवढं वाक्य खरंच ठरेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. बाळ खांद्यावर पडलेलं. दुकानात गर्दी होती, कुणीतरी साखरेच्या गोळ्यांवरून माझ्याशी वाद घालत होतं. तिनं पदराखालून एक चमचा काढला. लहान स्टीलचा चमचा, पोटात फूल कोरलेलं. रुखवतात येतात तसला.

"ताई, जरा बघता का? पयल्या बाटलीचे अठरा थेंब टाकले की ह्या फुलाच्या पाकळ्या उघड्या राहायच्या. आता फूल बुडतंय."

"म्हणजे?"

"म्हंजी चमचा लई भरतोय. अठराच टाकत्ये. दाणे हायेत की."

मी त्या चमच्याकडे नीट बघितलंही नाही. मागचा माणूस ओरडत होता. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "अगं, थेंब म्हणजे थेंब. तुला अठरा सांगितलेत ना? अठरा मोजायचे आणि पाजायचं. चमच्यात डोकावून बसायचं नाही. डॉक्टर तू का ते?"

ती खाली मान घालून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "न्हाई, फूल बुडतंय म्हून इचारलं."

"बुडू दे," मी म्हणाले.

हे दोन शब्द मी म्हणाले. पुढं कुणीकुणी काय काय म्हटलं ते मी सांगणारच आहे, पण त्यात हेही धरायला हवं.

तिनं ऐकलं. ऐकणारीच बाई ती. ताप चढता होता म्हणून दिवसातून पाच वेळा दिलं, कागदावर पाचपर्यंत चालतं असं होतंच. तिसऱ्या दिवशी परत दाखवायला आली तर डॉक्टर मीटिंगसाठी बीडला गेलेले. पोरगी दूध पिईना. सहाव्या दिवशी उलट्या व्हायला लागल्या. सातव्या दिवशी सकाळी सासऱ्यानं नव्हे, त्याला दिसतच नव्हतं, शेजारणीनं म्हटलं की पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे का दिसतात. ती दवाखान्यात आली तेव्हा मूल नुसतं लोळागोळा झालेलं होतं, हाक मारली तरी डोळे उघडेना.

डॉक्टरांनी लगेच बीडला पाठवायचं ठरवलं. रुग्णवाहिका यायला वेळ होता. तेवढ्यात ते तिच्या पिशवीतली बाटली घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. बाटली जवळजवळ संपलेली होती, आणि तिची ही तिसरी. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी ती अजून एकेक घेऊन गेली होती. त्या मीच दिल्या होत्या आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं की हिच्या एवढ्या लवकर कशा संपल्या.

"ही किती देत होती?" डॉक्टरांनी विचारलं. "लिव्हर गेलंय असं दिसतंय. अठराप्रमाणे दिलं असतं तर अजून दुसरीच पुरायला पाहिजे होती."

मी म्हणाले, "मोजण्यात चुकली असेल. ह्या बायका."

मी हे विचार करून बोलले नव्हते. तोंडात तयार होतं ते बाहेर पडलं. डॉक्टर मान हलवून परत गेले. थोड्या वेळानं दवाखान्याच्या व्हरांड्यातून त्यांचा आवाज आला. ते तिला विचारत होते, "किती दिलंस? खरं सांग. खरं सांगितलं तर बरं होईल." ती पदराची गाठ सोडत होती. दाणे हातावर घेऊन त्यांच्यापुढे धरत होती. ते म्हणाले, "दाणे काय दाखवतेस मला?" आणि आत गेले. व्हरांड्यात बसलेल्या लोकांनी हे सगळं बघितलं. गावाला दुसरं काय लागतं.

मुलगी बीडला गेली, तिथून संभाजीनगरला पाठवली. दुसऱ्या दिवशी तिकडेच गेली. नुसत्या औषधानं गेली की तापाचंही विष होतं, की दूध तुटलं म्हणून औषध जास्त बाधलं, हे कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण कागदावर लिहून आलं की तापाचं औषध जास्त प्रमाणात दिलं गेलं. जास्त दिलं, म्हणजे आईनं दिलं. तिचा नवरा कारखान्यावरून आला, पुरायच्या वेळेला पोचला, आणि तिसऱ्या दिवशी मुकादमाची गाडी त्याला परत घेऊन गेली. फडात ऊस उभा होता.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी दुकान रिकामं होतं. नवरा जेवायला गेला होता. मला त्या तिसऱ्या बाटलीचं कोडं सुटत नव्हतं. पंधरा मिलीची बाटली. अठरा थेंब म्हणजे पाऊण मिलीपेक्षा थोडं जास्त, एक मिलीच्या आत. दिवसाला पाच वेळा. पहिली बाटली तीन-साडेतीन दिवस तरी पुरायला हवी होती आणि तिची दोन दिवसांत संपली होती. मोळ्या मोजणारी बाई. दाणे बांधून ठेवणारी बाई.

माझ्या घरी माझ्या मुलासाठी वापरलेली जुनी, हत्तीवाली बाटली अर्धी उरलेली होती. ती मागवून घेतली. फळीवरची नवी बाटली काढली. दोन कप घेतले आणि एक सुई काढलेली सिरिंज. आधी हत्तीच्या बाटलीचे अठरा थेंब एका कपात टाकले. सिरिंजमध्ये ओढले. शून्य पूर्णांक नऊ मिली. बरोबर नव्वद मिलिग्रॅम, सहा किलोच्या मुलाला हवं तेवढं.

मग नव्या बाटलीचे अठरा टाकले. मोजताना मी मोठ्यानं मोजत होते, चुकू नये म्हणून. सिरिंजमध्ये ओढले. दट्ट्या एकच्या रेघेवर थांबला नाही. दीड मिलीवर गेला.

मी कप धुतला, पुसला, परत केलं. परत दीड. तिसऱ्यांदा थेंब टाकायची नळी तिरकी धरून केलं तर थोडं कमी आलं, एक पूर्णांक तीन. मग मी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरून बघितल्या. जुनीचं टोक बारीक, पेन्सिलीला टोक केलेलं असावं तसं. नवीचं रुंद, बोथट. रुंद टोकाला थेंब जास्त वेळ लटकतो, फुगतो आणि मगच पडतो. एवढंच होतं त्यात. औषध तेच, ताकद तीच, मोजणी तीच. पण नव्या नळीचा थेंब जुन्याच्या दीडपटीहून मोठा.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. डी. फार्म.च्या पहिल्या वर्षालाच होतं. एक मिली म्हणजे वीस थेंब, हे साध्या पाण्याचं आणि ठरावीक मापाच्या नळीचं गणित. औषध पातळ की चिकट, टोक बारीक की रुंद, नळी उभी की आडवी, रबर हळू दाबलं की जोरात, ह्या सगळ्यानं थेंब बदलतो. म्हणून औषध थेंबांनी नाही, मिलीनं मोजायचं. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मी तो पूर्ण सोडवला होता. नव्या नळीवर तर रेघासुद्धा होत्या, अर्ध्या मिलीची, एक मिलीची. त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही, कारण आम्ही थेंब सांगायचो. आणि जिनं चमच्यात डोकावून बघितलं, फुलाच्या पाकळ्यांवरून माप धरलं, तिला मी म्हणाले होते की चमच्यात डोकावायचं नाही.

माझ्या आणि डॉक्टरांच्या पुस्तकांपेक्षा तिचा चमचा शहाणा होता.

नवरा जेवून आला तेव्हा मी त्याला दोन्ही कप दाखवले.  त्यानं कप उचलले, मागच्या मोरीत ओतले आणि म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू कुणापाशी बोलू नकोस. लायसन्स तुझ्या नावावर आहे."

"पण तिला सगळे..."

"सगळे दोन महिन्यांत विसरतील."

मी त्याला दोष देत नाही. त्यानं तेवढं म्हणावं म्हणूनच मी त्याला दाखवलं होतं, असं आता वाटतं.

विसरलं कुणी नाही. गावाला एकदा नाव सापडलं की ते सोडत नाही. आधी तिच्या वाडीतल्या पोरांनी सुरू केलं. ती पाण्याला निघाली की मागून "एक, दोन, तीन" मोजायची आणि अठराला खिदळायची. मग बायका म्हणायला लागल्या. मग तिचं नावच अठरा पडलं. अठरा आली. अठरा गेली. आमच्या दुकानात उभं राहूनही लोक म्हणायचे, "ती अठरा न्हाई का, लेकरू मारलेली." मी त्यांच्या हातात औषध ठेवायची आणि पुढच्याचा कागद घ्यायची.

एप्रिलच्या शेवटी ऊसतोड संपवून सासू परत आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी सुनेचा दंड धरून दुकानासमोर उभी राहिली. दवाखान्याची वेळ होती, पंचवीस-तीस माणूस असेल. सासू पार काळी पडली होती, कंबर आधीपेक्षा वाकली होती. ह्याच नातीसाठी तिनं ती मोडली होती.

"बाई, तुमी शिकलेल्या," ती मला म्हणाली. "चार मानसांत सांगा. हिला किती सांगितले व्हते?"

"अठरा," मी म्हणाले.

"आन ही म्हनती अठराच दिले. मंग माजी नात मेली कावून?"

 सुनेनं वर बघितलं, थेट माझ्याकडे. रडत नव्हती. मला वाटतं तिला माझ्याकडून फार काही नको होतं. एक वाक्य हवं होतं. हिनं बरोबर मोजलं, एवढंच. मी ते म्हणू शकत होते. थेंब मोठा होता, हिचा दोष नाही, माझा आहे आणि डॉक्टरांचा आहे. दोन कप काढून सगळ्यांसमोर दाखवता आलं असतं. बाटल्या माझ्या मागच्या फळीवरच होत्या.

समोरच्या व्हरांड्यात डॉक्टर उभे होते. शेजारी नवरा बिलं फाडत होता, त्याचा हात थांबला.

मी म्हणाले, "मला काय माहीत? मोजायला चुकलीच असेल. लेकरू रडत असलं की होतं असं."

सासूनं तिच्या पाठीत धपाटा घातला. लोकांनी तो बघितला, कुणी मधे पडलं नाही. मीही पडले नाही. तिनं माझ्यावरची नजर काढली नाही, सासूनं ओढून नेलं तेव्हा मान वळवून बघत गेली. त्या नजरेत राग असता तर मला पेललं असतं. तिला नुसतं नवल वाटत होतं.

त्या मे महिन्यापासून मी आमच्या दुकानात थेंब बंद केले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. लहान मुलाचं कुठलंही पातळ औषध दिलं की बरोबर बिनसुईची सिरिंज द्यायची, तिच्यावर पेनानं रेघ मारून द्यायची, आणि आईकडून समोर पाणी ओढून घ्यायची. ह्या रेघेपर्यंत. थेंब मोजायचे नाहीत. कंपनी बदलली तर नळी बदलते, जुनी नळी नव्या बाटलीला लावायची नाही, आणि आधी किती मिलिग्रॅमचं आहे ते मला दाखवायचं. डॉक्टरांशी मी एकटी बोलले. कपांचं सांगितलं नाही, नुसतं म्हणाले की आजकाल प्रत्येक कंपनीचा थेंब वेगळा असतो. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं नाही, मला हे कधी कळलं. दुसऱ्या दिवसापासून ते मिलीत लिहायला लागले. तालुक्यातल्या आशाताई माझी सिरिंजची पद्धत बघायला आल्या. एकीनं मला सांगितलं की ताई, तुमच्यामुळं किती लेकरं वाचत असतील. मी तिला चहा मागवला.

त्या बाळाच्या आईकडे जायचं मी तीनदा ठरवलं. एकदा वाडीच्या फाट्यापर्यंत गेलेसुद्धा. तिथं बाभळीखाली स्कूटी लावून उभी राहिले आणि दुकान उघडं आहे असं स्वतःला सांगून परत आले. मला तिची भीती वाटत नव्हती. तिनं माफ केलं तर काय, ह्याची वाटत होती. आणि खरं सांगायचं तर लायसन्सची वाटत होती. पहिलं कारण मी नंतर शोधून काढलं.

गेल्या दिवाळीनंतर ती दुकानात आली. बाहेर ट्रॅक्टर उभा होता, दोन ट्रॉल्या, वर भांडी, पत्रे, शेळ्या, माणसं. ह्या वेळी कोयत्याला ती स्वतः निघाली होती. सासूही बरोबर होती, वर बसलेली, फडावर स्वयंपाकाला. सुनेला एकटीला सोडत नव्हते. आता तिच्या हातात काहीच देत नाहीत असं ऐकलं होतं, मीठसुद्धा सासू टाकते.

ती बारीक झाली होती. काउंटरपाशी आली आणि म्हणाली, "तापाच्या गोळ्या द्या. मोठ्या मानसाच्या."

मी पाकीट काढलं. तिच्यापुढे ठेवलं.

"किती घ्याची?" तिनं विचारलं.

"एक."

तिनं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, एका गोळीवर बोट ठेवलं. आवाज अगदी साधा होता, भाव विचारावा तसा. "एक म्हंजी एकच ना ताई? थेंबावानी तर न्हाई ना, कंपनी बदलली की दीड व्हायला?"

 तिला कळलं होतं. कधीपासून, मला माहीत नाही. चमचा तिच्याकडेच होता, बाटल्याही तिच्याकडेच राहिल्या होत्या. तिनं माझ्यासारखंच घरी बसून करून बघितलं असेल, किंवा करून बघायची तिला गरजच पडली नसेल.

"तू तेव्हा सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. हे मी तिला विचारलं. मी.

"सांगितलं व्हतं की," ती म्हणाली. "तुमालाच."

मग तिनं पाकीट पदरात बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. मी काउंटरचं फळकूट उचललं, बाहेर यायला निघाले. ट्रॉलीवर सासू होती, तिचा नवरा होता, वाडीतली पन्नास माणसं होती. सगळ्यांसमोर सांगायचं एवढंच मनात होतं, हिनं बरोबर मोजलं होतं. मी पायरीपर्यंत पोचले. इंजिन सुरू होतं.

"ए अठरा," सासूनं वरून हाक मारली, "चल, गाडी निगाली."

मी तोंड उघडलं, आणि ती माझ्या शेजारून पुढं जात म्हणाली, "आले, आले."